राखीचा माल परतीवर देऊ नका

प्रश्न: घरी राख्या बनवून सीझनला कमाई करायची आहे. भांडवल २०,००० आहे. तयारी किती महिने आधी सुरू करावी, आणि दुकानांत माल कसा लावावा?

दुकानांत माल लावायचा म्हणालात म्हणून लिहायला बसले, नाहीतर राखीवर आता कोणी विचारलं तरी मी गप्प बसते.

२०२३ ला मी २,००० राख्या केल्या होत्या. दोरा, मणी, कुंदन, कार्ड, पाऊच सगळं धरून सामान ११ रुपये आणि बनवणाऱ्या बायकांना डझनाला ६० म्हणजे नगाला ५, असे एका राखीला १६ रुपये पडले. दुकानदाराला २८ ला द्यायची, तो ५० ला विकणार. हिशोब कागदावर छान होता. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, त्यामुळे राखी एकदम ३० ऑगस्टला गेली, आदल्या वर्षी ती ११ ऑगस्टला होती. तारीख कॅलेंडरवर मलाही दिसत होती पण माझा माल जूनअखेरच तयार झाला आणि घरात खोकी पडलेली बघून आमचे भाऊजी (मिस्टरांचे थोरले भाऊ, त्यांचा आयुष्यभर दुकानदारांशीच संबंध) म्हणाले की माल घरात ठेवून काय करणार, आत्ताच दुकानांत टांगा, पहिला हुक ज्याचा त्याचा धंदा, पैसे नंतर घेऊ, उरलं तर परत आणू. मी नको म्हणत होते. पण घरात सगळ्यांचं त्यांच्याच बाजूने मत पडलं आणि मी १५ जुलैच्या सुमारास सहा दुकानांत प्रत्येकी २०० राख्या परतीवर दिल्या.

अधिकात राखी कोण घेतं? कोणीच नाही. महिनाभर माझ्या राख्या दुकानाच्या दारात पावसाच्या दमटपणात टांगलेल्या, येणारा जाणारा हात लावतोय, पाऊच चुरगळलेत, लाल दोरा उन्हाच्या बाजूने फिका पडलाय. मग १७ ऑगस्टला निज श्रावण लागला, खरी विक्री सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात दुकानदारांनी व्यापाऱ्याकडून नवीन माल आणला, तो रोखीने. आता तुम्ही दुकानदार असाल तर काय कराल? ज्या मालात स्वतःचे पैसे अडकलेत तो पुढे लावाल आणि जो उरला तर फुकट परत जाणार आहे तो मागच्या खिळ्याला. त्याची यात चूक नाही, कोणीही हेच करेल. पण हे भाऊजींना तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, ते म्हणतात तुझे डिझाइन चालले नाहीत. डिझाइन चालले नसते तर त्याच राख्या सोसायटीत आणि स्टॉलवर मी ४५-५० ला विकल्या त्या कशा गेल्या?

पौर्णिमेनंतर ७०० परत आल्या. विकल्या ५००, त्याचे १४,००० आले, तेही एका दुकानाचे दसऱ्यानंतर. १,२०० राख्यांचा खर्च १९,२००. म्हणजे ५,२०० खिशातून गेले. परत आलेल्यांतल्या ३०० तर कोणाला द्यायच्या लायकीच्या राहिल्या नव्हत्या.

त्यातला थोडा दोष मालाचाही होता आणि तो माझा, ते सांगते कारण तुमच्या उपयोगाचं आहे. घाईत शेवटच्या लॉटला आम्ही इन्स्टंट ग्लू वापरला आणि लगेच पाऊच बंद केले. त्या ग्लूची वाफ बंद पाऊचमध्ये दमट हवेत खड्यांवर बसते आणि आरसा, कुंदन सगळं पांढरट धुरकट दिसायला लागतं, पुसून जात नाही. आठ दिवसांनी कळतं, तोपर्यंत माल दुकानात गेलेला असतो. खडा चिकटवला की राखी निदान एक दिवस उघड्यावर ठेवा, मगच पाऊच. सुरुवातीला पाच-सहा नमुने पाऊचमध्ये घालून दमट जागी आठवडाभर ठेवून बघा, खडा नखाने ओढून बघा, सोनेरी मणी काळा पडतो का बघा. हे जूनच्या आत करा, नंतर ग्लू बदलायला वेळ राहत नाही.

पुढच्या वर्षी, २०२४ ला राखी १९ ऑगस्टला होती, मी दुकानदारांना सरळ सांगितलं, २८ ची राखी २४ ला देते, पण रोख आणि परत घेणार नाही. सहापैकी दोनच तयार झाले, दोन नवीन मिळाले, प्रत्येकाने १०० घेतल्या. भाऊजी म्हणाले बघ, १,२०० वरून ४०० वर आलीस. आले की. पण ९,६०० हातात, खर्च ६,४००, आणि ३,२०० निव्वळ उरले, पौर्णिमेच्या आधीच. शिवाय त्या चौघांनी माझ्या राख्या पुढे लावल्या, दोघांनी आठवड्याने फोन करून अजून मागितल्या. माझ्याकडे द्यायला फारशा नव्हत्या, ती चूक मात्र झाली.

तर तुमचे २०,००० सगळे एकदम घालू नका. ५०० राख्यांचा पहिला लॉट करा, माझ्या भावाने ८,००० लागतील, आता सामान महागलं असेल तर थोडे जास्त. बाकीचे पैसे सामानासाठी हातात ठेवा आणि राखीच्या तीन आठवडे आधी जे डिझाइन उचललं जातंय तेवढंच पुन्हा बनवा. एक बाई चार तास बसली तर चार डझन होतात, म्हणजे ५०० ला एकटीला दहा-अकरा दिवस, त्यामुळे हातांचं काम वेळ खात नाही. वेळ जातो सामान आणि नमुने यात. मी पुण्याच्या बोहरी आळीतून सामान फेब्रुवारी-मार्चमध्ये आणते, तेव्हा गर्दी नसते आणि दुकानदार नीट रंग काढून दाखवतो, जुलैत गेलात तर हवा तो दोरा संपलेला असतो. एप्रिलमध्ये दहा नमुने, मेमध्ये ते दुकानांत दाखवून तोंडी नाही तर लिहून ऑर्डर, थोडा आगाऊ घेऊन. परदेशात पाठवणारे गिऱ्हाईक असतील तर त्यांना राखी महिना-दीड महिना आधी हवी असते, आणि त्यांच्यासाठी चपटीच राखी करा, मोठा खडा पाकिटात दबून कार्डातून सुटतो.

तारीख दरवर्षी बघा. साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक मास आला की पुढे उडी मारते, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे आणि राखी २८ ऑगस्टला. म्हणजे दुकानात माल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा, जुलैत नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. तुम्हाला कोणीच ओळखत नसेल आणि एखादा दुकानदार नमुना म्हणून दोन डझन परतीवर ठेवतो म्हणाला तर ठेवा, तेवढ्यात काही बुडत नाही. पण नगांची संख्या, भाव आणि पैसे कधी देणार ती तारीख वहीत लिहून त्याची सही घ्या. पहिल्या वर्षी दुकानांपेक्षा सोसायटी, शाळेतल्या पालकांचे ग्रुप, एखादा दोन दिवसांचा स्टॉल यावर जास्त जोर द्या, तिथे १६ ची राखी ४० ला गेली तरी पैसे त्याच दिवशी हातात. स्टॉलचं भाडं आधी विचारून घ्या, काही ठिकाणी इतकं असतं की शंभर राख्या फक्त भाड्यात जातात.

भाऊजी वाचत असतील तर त्यांना सांगते, यंदाही रोखच.