'माल उभा आहे' की 'माल उभा होता'

प्रश्न: मुख्य वाक्य भूतकाळात असेल तर 'की'नंतरचं क्रियापदही भूतकाळात घ्यायचं का? 'तो म्हणाला की तो आजारी आहे' बरोबर की 'आजारी होता'?

'आहे' लिहा. 'होता' लिहिलंत तर मराठी वाचणारा समजेल की तो आधी कधीतरी आजारी होता आणि हे सांगितलं तेव्हा बरा झालेला होता. एवढ्यावर थांबलो असतो, पण अशाच एका 'होता'पायी आमच्या आबांचे पैसे अडकले होते.

चोपड्याकडे आमची केळीची बाग आहे. मृगबाग होती, कटाई तोंडावर आली होती, आणि जूनच्या वाऱ्याने अर्धी बाग आडवी केली. पाहणीला साहेब आले. आबांनी उरलेल्या अर्ध्या बागेकडे बोट दाखवून आपल्या अहिराणीत सांगितलं, "माल उभा शे." कटाई अजून सुरू केलेली नाही, करण्याआधी तुम्हाला कळवीन, असंही सांगितलं. साहेबांनी अहवाल इंग्रजीत लिहिला. इंग्रजीत 'सेड' आलं की पुढे 'इज'चं 'वॉज' होतं आणि 'विल'चं 'वुड' होतं. त्यात साहेबांचं काहीच चुकलं नाही.

चुकलं ते पुढे. कार्यालयाने मराठी प्रत मागितली आणि ती आमच्या चुलतभावाने केली. दादा कॉलेजात इंग्रजी शिकवतात. त्यांनी लिहिलं: "शेतकऱ्याने सांगितले की माल उभा होता, कटाई सुरू झाली नव्हती आणि तो कटाईपूर्वी कार्यालयाला कळवणार होता."

टेबलामागच्या माणसाने हे वाचून आबांना विचारलं, "उभा होता म्हणता, मग पाहणीच्या आधीच कापून विकला का? आणि कळवणार होतात, तर कळवलं का नाही?" त्या माणसाचा मला तरी राग आला नाही. मराठी येणारा कुणीही असंच वाचेल. 'उभा होता' म्हणजे आता नाही. 'कळवणार होता' म्हणजे ठरवलं होतं पण राहून गेलं. आबांनी तर दुसऱ्याच आठवड्यात कळवलं होतं, पोच होती खिशात. तरी खुलासा द्या, पुन्हा पाहणी, यात दोन महिने गेले.

दुरुस्त प्रत मी लिहिली: "शेतकऱ्याने सांगितले की माल उभा आहे, कटाई सुरू झालेली नाही आणि कटाईपूर्वी तो कार्यालयाला कळवील." त्यावर दादा म्हणाले, "काळ जुळत नाही, 'सांगितले' भूतकाळ आहे." अहो, जुळवायचा कशाला? मराठीत 'की'नंतरचा काळ बोलणाऱ्याच्या त्या क्षणापासून मोजतात, आपण लिहायला बसलो त्या क्षणापासून नाही. आबा बोलले तेव्हा माल उभा होता, म्हणून 'आहे'. त्यांनी 'मागच्या वर्षी या दिवसांत माल उभा होता' असं सांगितलं असतं, तर 'होता' लिहिलं असतं. अडलं की मूळ बोलणं तोंडाने म्हणून पाहा आणि त्यातलं क्रियापद तसंच उचला. 'मी'चं 'तो' करा, काळाला हात लावू नका.

मुलांच्या इंग्रजी पेपरात 'ही सेड दॅट ही इज इल' यावर लाल रेघ मारतात ना, ती चूक याच सवयीतून येते. फक्त उलट्या दिशेने. आणि दादांना एवढंही सांगतो की इंग्रजीतसुद्धा गोष्ट अजून खरी असेल तर 'इज' चालतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे वाक्य तेच वर्गात शिकवतात.

आता एक राहिलं, नाहीतर कुणीतरी मलाच पकडेल. हे सगळं म्हणणं, सांगणं, वाटणं, कळणं यांच्यापुढच्या वाक्यांसाठी आहे. 'जेव्हा वारा सुटला तेव्हा माल उभा होता' किंवा 'ज्या बागेत माल उभा होता ती आमची' यांत कुणाचं बोलणं पोचवायचं नसतं, तिथे 'होता'च लागतो. 'मला माहीत होतं'नंतर मात्र 'तो येणार आहे' आणि 'तो येणार होता' दोन्ही ऐकू येतात. वर्तमानपत्रांतही 'सांगितले की … होते' आता सर्रास दिसतं आणि मागचा-पुढचा संदर्भ असला की माणूस समजून घेतो. अर्जात, जबाबात, अहवालात तो संदर्भ नसतो.

दादा अजूनही म्हणतात की प्रत त्यांचीच शुद्ध होती. 'आहे' म्हणत नाहीत, 'होती'च म्हणतात, आणि या वेळी मला त्यांचं पटतं.