कोर शुक्ल पक्षातली की कृष्ण पक्षातली?

तुमच्या फोटोतली कोर उजवीकडून उजळलेली आहे की डावीकडून, हे आधी बघू नका. उजवी बाजू उजळ म्हणजे वाढता चंद्र, हा नियम उत्तरेकडच्या देशांत छान चालतो. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी इथे कोर जवळजवळ होडीसारखी आडवी दिसते. मग उजवं-डावं ठरवणार कसं?

त्यापेक्षा दिशा बघा. वाढती कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसते, घटती पहाटे पूर्वेला. समजा, फोटो गंगापूर धरणाच्या भिंतीवरून काढलाय आणि कोर पाण्यावर आहे. जलाशय भिंतीच्या पश्चिमेला पसरलाय, म्हणजे ही संध्याकाळच आणि पक्ष शुक्ल. आकाशाच्या केशरी रंगावर मात्र जाऊ नका, तो पहाटेही असतो. फाइलमधली वेळ बघायची तर मूळ फोटो मागा; व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती सहसा निघून जाते.

नुसत्या चंद्राचा, झूम केलेला फोटो असेल तर डाग शोधा. तीन-चार दिवसांच्या वाढत्या कोरीत कडेजवळ एक सुटा, काळसर लंबगोल दिसतो: मेअर क्रिसियम. घटत्या कोरीत तो अंधारात गेलेला असतो. फोटो आरशासारखा उलटला असला तरी ही खूण फसवत नाही. कोर नुसती पांढरीफटक आली असेल तर एक्स्पोजर कमी करून पुन्हा काढा, त्याशिवाय डाग दिसणार नाही.