एकटीने काढलेली रात्रपाळी आणि लेखी पत्राचे वजन

प्रश्न : सांगलीजवळच्या एका खाजगी रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. आमचा मेडिसिनचा वॉर्ड २८ खाटांचा आहे आणि गेले तीन महिने रात्रपाळीला बहुतेक वेळा मी एकटीच असते, सोबत एक मावशी. इन्चार्ज सिस्टरांना दोनदा सांगितले. त्या म्हणाल्या, "लेखी देऊ नकोस, उगाच डोळ्यांवर येशील." उद्या एखाद्या पेशंटचे बरेवाईट झाले तर ते माझ्यावर येईल का? पत्र द्यावे की नको?

उत्तर : पत्र जरूर द्यावे; मात्र त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे. नोकरीवर असताना परिचारिकेच्या हातून झालेल्या चुकीची भरपाई रुग्णालयाला द्यावी लागते, ही गोष्ट ग्राहक न्यायालयांत आता वादाची राहिलेली नाही. १९९८ साली स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिल्यामुळे एका बालकाचे कायमचे नुकसान झाले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची जबाबदारी रुग्णालयावरच ठेवली. त्यामुळे पैशांचा भार एकट्या आपल्यावर येण्याची भीती फारशी नाही. फौजदारी बाजू मात्र निराळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडले तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीसाठी ही मर्यादा दोन वर्षांची आहे; पण त्या कलमातील व्याख्येत वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेले डॉक्टरच बसतात, परिचारिका बसत नाहीत. म्हणजे ज्या सवलतीचा आधार आपल्या वॉर्डातील डॉक्टरांना आहे, तो आपल्याला नाही.

असे प्रकरण उभे राहिलेच, तर पहिला प्रश्न येतो तो म्हणजे ही परिस्थिती व्यवस्थापनाला ठाऊक होती का. आपण दोनदा सांगितले हे खरे असले, तरी इन्चार्ज सिस्टरही पगारी नोकर आहेत आणि साक्षीच्या पिंजऱ्यात "मला असे काही सांगितल्याचे आठवत नाही" एवढेच वाक्य त्यांना पुरेसे होईल. घटनेच्या आधीची तारीख असलेले आणि पोच घेतलेले पत्र असेल, तर तो मार्ग बंद होतो. घटनेनंतर दिलेल्या पत्राकडे मात्र बचावासाठी रचलेला कागद म्हणूनच पाहिले जाते.

पत्रात "स्टाफ कमी आहे, रुग्णसेवेवर परिणाम होतो" असे लिहू नये. असली पत्रे फायलीत पडून राहतात, कारण ती वाचून कोणाला काही करावेच लागत नाही. त्याऐवजी एका रात्रीची हकिकत लिहावी. उदाहरणार्थ : "दिनांक अमुकच्या रात्री वॉर्डात २६ रुग्ण होते आणि परिचारिका मी एकटी होते. रात्री २ वाजून १० मिनिटांनी खाट क्रमांक ७ वरील रुग्णाचे सॅच्युरेशन घसरल्याने सुमारे ४० मिनिटे मी त्यांच्यापाशी होते. या वेळेत खाट क्रमांक १९ चे दोन वाजताचे अँटिबायोटिक देता आले नाही, ते ३ वाजून १५ मिनिटांनी दिले. खाट क्रमांक ११ ची बाटली संपल्याचे नातेवाइकांनी येऊन सांगितले. त्या वेळी मी खाट ७ सोडू शकत नव्हते. ऑन कॉल डॉक्टरांना अमुक वाजता फोन केला." अशा दोन-तीन रात्री पुरेत. शेवटी मागणी एका वाक्यात असावी : रात्रपाळीला किमान आणखी एक नोंदणीकृत परिचारिका द्यावी, आणि ती मिळेपर्यंत दोन रुग्ण एकाच वेळी अत्यवस्थ झाल्यास कोणाला बोलवायचे, हे लेखी कळवावे. या दुसऱ्या मागणीला "बजेट नाही" हे उत्तर देता येत नाही.

आता जी गोष्ट बहुतेक पत्रे निकामी करते, तिच्याबद्दल. रात्री धावपळ झाली की पहाटे ओव्हर देण्यापूर्वी चार्ट भरले जातात आणि सगळ्या रुग्णांचे बीपी, पल्स, औषधे नेमून दिलेल्या वेळेलाच झाल्याचे एका हाताने, एका पेनाने लिहिले जाते. हे सर्रास चालते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. पण आपले पत्र म्हणते की १९ नंबरचे औषध सव्वातीनला दिले, आणि औषधांच्या चार्टवर आपल्याच सहीने २ वाजता लिहिलेले आहे, तर रुग्णालयाचा वकील पत्राला हातही लावणार नाही. तो फक्त चार्ट पुढे ठेवेल. त्यातून एक तर पत्र खोटे ठरते, नाही तर नोंद खोटी ठरते, आणि खोटी नोंद हा चुकीपेक्षा मोठा दोष आहे. म्हणून आजपासून खरी वेळ लिहावी आणि उशिराचे कारण चार शब्दांत द्यावे. जे राहिले ते "राहिले" असे लिहावे. मागच्या नोंदी मात्र चुकूनही दुरुस्त करू नयेत.

पत्रात प्रमाणाचा आकडा घालायचा असेल, तर जपून. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयासाठी पाच खाटांमागे एक परिचारिका आणि वर ३० टक्के रजा राखीव असा सांगितला जातो. हा आकडा प्रत्येक पाळीचा की तिन्ही पाळ्यांचा मिळून, यावरच सारी ओढाताण होते. आपल्या २८ खाटांना पाचाने भागले तर सहा परिचारिका येतात. रुग्णालयाला सर्वांत सोयीचा अर्थ घेऊन त्या तीन पाळ्यांत वाटल्या, तरी पाळीला दोन होतात. आपण हाच अर्थ धरावा. "पाळीला सहा हव्यात" असे लिहून वाद ओढवून घेण्यापेक्षा, त्यांच्याच हिशेबाने एक कमी पडते, हे दाखवणे भक्कम आहे.

पत्र इन्चार्ज सिस्टरांच्या नावे असावे आणि प्रती मेट्रन व वैद्यकीय अधीक्षकांना द्याव्यात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यावा; कोणी घेतच नसेल तर पोचसह स्पीड पोस्टाने पाठवावे. रुग्णांची नावे लिहू नयेत, खाट क्रमांक पुरतो. केस पेपरचे फोटो काढणे आणि वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाऱ्हाणे मांडणे टाळावे : योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या कलमातून वगळलेली आहे, ग्रुपवरच्या मजकुराला ते संरक्षण सहज मिळत नाही. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालील नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड हद्दीत महापालिकेकडे, पत्राची प्रत जोडून अर्ज करता येतो.

पत्र दिल्यावर "मी एकटीने ड्युटी करणार नाही" म्हणून वॉर्ड सोडून निघून मात्र जाऊ नये. रुग्ण ताब्यात घेतल्यानंतर सोडून जाणे, हीच गोष्ट आपल्याविरुद्ध सर्वांत जड जाईल.

राहिला नोकरीचा प्रश्न. खाजगी रुग्णालयातील तक्रारदार परिचारिकेला थेट कवच देणारा कायदा नाही, हे स्पष्ट सांगतो. तरीही पत्रानंतर लगेच मेमो आला, तर त्याच्या आणि आपल्या पत्राच्या तारखांमधले अंतरच सूडाचा पुरावा होऊ शकते. म्हणून मेमोला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. राजीनाम्याचा तयार मजकूर पुढे ठेवून "वैयक्तिक कारणास्तव" या शब्दांखाली सही मागितली गेली, तर ती करू नये. कागद वाचायला घरी नेते म्हणावे आणि त्याच दिवशी वकिलांना दाखवावा.