भामटा, विमुक्त आणि ‘गुन्हा दाखल’

प्रश्न : बातम्यांत ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ असं रोज वाचतो. एक मित्र म्हणाला, भामटा हे एका जमातीचं नाव आहे, लिहू नकोस. खरं आहे का? आणि अशा जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात ते नेमके कशातून मुक्त?

मित्राचं खरं आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत. त्यांत भामटा आहे, राजपूत भामटा आहे. बेरड, रामोशी, कैकाडी, वडार, बंजारा आणि पारध्यांच्या काही शाखाही आहेत. भामटा जमातीतल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘भामटा’ असं लिहिलेलं असतं. मी बरीच वर्षं मुद्रितं तपासायचं काम केलं. एका स्तंभाच्या मथळ्यात चपखल बसतो म्हणून हा शब्द मीही शेकडो वेळा जाऊ दिला. मग एकदा ओळखीतल्या एका मुलीचा असा दाखला अर्ज भरताना हातात आला. त्याच दिवशीच्या अंकात, पान पाचवर, तोच शब्द होता. तेव्हापासून मी तो कापतो.

‘बेरड’चंही तसंच झालं आहे. ते जमातीचं नाव, आणि बोलण्यात मात्र ‘निगरगट्ट’. आधी नाव होतं की आधी शिवी, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे, की ही नावं एकेकाळी सरकारी नोंदवहीत ‘गुन्हेगार’ या मथळ्याखाली होती, आणि ‘विमुक्त’चा अर्थ त्या नोंदवहीतून सुटलेले, एवढाच आहे. मोक्ष किंवा बंधमुक्ती अशा मोठ्या अर्थांशी त्याचा संबंध नाही.

मराठीत गुन्ह्याला दोन क्रियापदं लागतात. गुन्हा ‘घडतो’ आणि गुन्हा ‘दाखल होतो’. पहिलं कृत्याचं क्रियापद, दुसरं कागदाचं. आपण ती सहज अदलाबदल करून वापरतो, पण त्यांच्यामधल्या फटीतच सगळं प्रकरण आहे. घडलेलं सगळं दाखल होत नाही, आणि काय दाखल करायचं हे ज्याच्या हाती लेखणी आहे तो ठरवतो. संघर्षवादी गुन्हेगारीशास्त्राचा हाच मुद्दा आहे. अमेरिकन अभ्यासक विल्यम चॅम्ब्लिस यांनी १९६४ मध्ये इंग्लंडच्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्यांचा इतिहास तपासला. प्लेगने मजूर मेले, उरलेले जास्त मजुरी मागू लागले, आणि १३४९ मध्ये धडधाकट माणसाने कामाविना हिंडणं किंवा त्याला भीक घालणं गुन्ह्यात जमा झालं. माणसं पूर्वीही हिंडतच होती. आता जमीनदाराला मजूर जागेवर हवे होते. पुढच्या संशोधकांनी चॅम्ब्लिस यांच्या पुराव्यांवर बरेच आक्षेप घेतले आहेत, तेही लक्षात ठेवावं. कायद्यामागे नेहमी एकाच वर्गाचा हिशेब असतो, असं सरसकट म्हणता येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण मात्र त्याहून उघड आहे, कारण इथे ‘घडणं’ गाळूनच टाकलं होतं. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत ‘असणं’ हाच जन्मठेपेचा गुन्हा झाला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा त्याच्या पुढे गेला. टोळीत माणूस सामील होतो, जमातीत तो जन्मतो. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा युक्तिवाद तेव्हा झाला. जातीवरून धंदा ठरतो ही आपलीच समजूत राज्यकर्त्यांनी उचलली आणि कायद्यात बसवली.

कायदा चालायचा कसा, ते पाहा. प्रांतिक सरकार अहवाल पाठवी, की अमुक जमात अजामीनपात्र गुन्हे करण्याला ‘चटावलेली’ आहे. अधिसूचना निघे. ती बरोबर की चूक हे कोणत्याही न्यायालयाला तपासता येत नसे, कायद्यातच तशी मनाई होती. मग दंडाधिकारी नोटीस लावी, माणसांनी येऊन नावं नोंदवायची. पुढे बोटांचे ठसे आले. ठरल्या वेळी हजेरी, हद्द सोडायची तर पास, आणि पास नसताना सापडलात तर शिक्षा. म्हणजे चोरी न करताही गुन्हा तयार. शिवाय नोंदलेला माणूस ‘चोरीच्या बेतात असावा’ अशा परिस्थितीत आढळला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होई.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेत होता. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्याला लागू करता येऊ लागला, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जात. गिरणीला हात हवे होते, हे विसरू नये. सोलापूरकर त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘हजेरी’चा अर्थही शाळेतल्या हजेरीचा नसतो.

या यादीत कोण आलं, हे पाहण्यासारखं आहे. बंजारे बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहत. रेल्वे आली, मिठावर सरकारी पकड बसली आणि तांड्यांचा धंदा गेला. पारधी शिकारी. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानं ठरली आणि कालची शिकार आज बेकायदा झाली. रामोशी तर गावाचे राखणदार होते, चोरीचा माग काढणं हे त्यांचंच काम, आणि तेही यादीत गेले. एका हाताने पोट काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने भटकण्याला संशय म्हणायचं. या जमातींतल्या कुणी कधी चोरी केलीच नाही, असं मी म्हणत नाही. काही टोळ्या दरोडे घालत होत्या आणि लुटल्या गेलेल्याचं दुःख खरंच होतं. पण त्यासाठी दंडसंहिता होतीच. नव्या कायद्याने दरोडेखोरासोबत त्याची म्हातारी आई आणि टोपल्या विणणारा चुलताही हजेरीला उभा केला.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. इंग्रजीतही त्यांना अधिसूचनेतून वगळलेले असंच म्हणतात, मराठीने त्याला ‘विमुक्त’ हा देखणा शब्द दिला. पण जागा रिकामी राहिली नाही. सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. तिथे यादी जमातीची नाही, व्यक्तीची आहे आणि आधीच्या शिक्षांवर बेतलेली आहे, हा फरक मोठा आहे. तरी गावाजवळ पाल पडलं आणि त्याच रात्री चोरी झाली, तर चौकशी कुठून सुरू होते हे पालात राहणाऱ्यांना विचारा. बातमीतला ‘सराईत’ हा शब्द म्हणून मी थांबून वाचतो : सराईत म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवलेला, की नुसता पोलिसांच्या यादीतला?

आता वापराचं. भामट्याच्या जागी मराठीत शब्दांची वाण नाही. खोटं नाव सांगून फसवलं असेल तर ‘तोतया’, एरवी ‘ठकवणारा’, ‘लबाड’, किंवा सरळ ‘अनोळखी इसमाने गंडवले’. इतिहास लिहिताना ‘गुन्हेगार जमाती’ लिहावंच लागतं, पण तिथे कर्ता घाला : ‘सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती’. ‘गुन्हेगार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या’ हे रूप टाळा, त्यात ओळखणारा कोण हे लपून जातं. आणि दाखल्यावर, जनगणनेत, आडनावाशेजारी ‘भामटा’ दिसलं, तर ते त्या लोकांचं नाव आहे, ते तसंच लिहा.