दम्याचा निळा पंप लगेच काम करतो, स्टेरॉइडचा का नाही?

प्रश्न: निळ्या पंपाने पाच मिनिटांत मोकळं वाटतं, स्टेरॉइडच्या पंपाने काहीच जाणवत नाही. मग तो घ्यायचा कशाला? आणि पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, म्हणजे स्पेसर, खरंच लागतो का?

स्टेरॉइडचा पंप रोज घ्यायचाच, कारण दम्याचं मूळ असलेली श्वासनलिकांची सूज तोच कमी करतो. निळ्यातलं साल्ब्युटामॉल नळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. ते लगेच जाणवतं, पण चार-सहा तासांत ओसरतं आणि सूज तशीच राहते. स्टेरॉइडचा फरक दिसायला काही दिवस ते आठवडे लागतात.

स्पेसर मात्र जरूर वापरा. मी फार्मासिस्ट आहे, रोज लोकांना पंप घेताना बघतो. बहुतेक जण आधी दाबतात आणि मग श्वास ओढतात, तोवर वेगाने आलेला फवारा घशावर आदळलेला असतो. स्पेसरमध्ये त्याचा वेग मरतो, जाड थेंब भिंतीला चिकटतात आणि बारीक कण फुप्फुसात जातात. पंप हलवा, पूर्ण श्वास सोडा, एकदाच दाबा, तीन ते पाच सेकंद सावकाश ओढा, दहा सेकंद रोखा. दुसऱ्या फवाऱ्यासाठी सगळं पुन्हा. दोन एकदम मारले तर औषध आतच चिकटून वाया जातं. स्पेसरने शीळ वाजली, तर तुम्ही फार जोरात ओढताय (ही शीळ सगळ्यांत नसते). स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते.

हे फवाऱ्याच्या पंपापुरतं. पावडरच्या इनहेलरला स्पेसर लावत नाहीत, तिथे श्वास उलट जोरात ओढायचा असतो.