पीटीचे सेकंद वाढले, आयएनआर मात्र तोच

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी माझा पीटी १८ सेकंद होता, काल दुसऱ्या लॅबमध्ये २४ सेकंद आला. आयएनआर दोन्ही वेळा २.० आहे. रक्त जास्त पातळ झाले का? वॉरफरिन कमी करू का?

उत्तर : कृपया गोळी कमी करू नका. मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत हीच तपासणी करत आलो आहे आणि सेकंद पाहून घाबरलेले रुग्ण मला वरचेवर भेटतात.

पीटीच्या तपासणीत सायट्रेट घालून गोठण्यापासून रोखलेल्या रक्तातील द्रव ३७ अंश सेल्सिअसला ठेवून त्यात गोठण्याची क्रिया सुरू करणारे थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम मिसळतात व गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. प्रत्येक कंपनीच्या थ्रोम्बोप्लास्टिनची संवेदनशीलता वेगळी असल्याने एकाच रक्ताचे सेकंद दोन ठिकाणी वेगळे येऊ शकतात. हा फरक काढून टाकण्यासाठी पुढील सूत्राने आयएनआर काढतात.

INR = (PT ÷ MNPT)^ISI

यात MNPT म्हणजे निरोगी व्यक्तींचा सरासरी वेळ आणि ISI म्हणजे त्या थ्रोम्बोप्लास्टिनच्या संवेदनशीलतेचा आकडा. समजा, दोन्ही लॅबमध्ये निरोगी वेळ १२ सेकंद आहे. पहिल्या लॅबचा ISI १.७ असेल, तर १८ भागिले १२ म्हणजे १.५ आणि त्याचा १.७ वा घात जवळपास २.० होतो. दुसरीकडे ISI १.० असेल, तर २४ भागिले १२ म्हणजे थेट २.०. रक्त तितकेच पातळ आहे, मोजपट्टी तेवढी बदलली.

हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांसाठी किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांसाठी आयएनआर सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. आपले उद्दिष्ट तेच असेल, तर आपण खालच्या कडेवर आहात आणि गोळी कमी केल्यास गुठळीचा धोका वाढेल.

डोस बदललाच, तरी परिणाम लगेच दिसत नाही. वॉरफरिन रक्त गोठवणाऱ्या, आधीच तयार असलेल्या घटकांना हात लावत नाही. के जीवनसत्त्वाच्या आधारे यकृतात नवे घटक तयार होण्याच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे जुने घटक संपेपर्यंत थांबावे लागते. सातवा घटक काही तासांत निम्मा होतो, म्हणून आयएनआर आधी हलतो. पण गुठळी रोखण्यासाठी जो घटणे सर्वांत महत्त्वाचे, त्या प्रोथ्रॉम्बिनला निम्मे व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशीच्या आकड्यावरून डॉक्टर पुन्हा डोस बदलत नाहीत, त्याचे कारण हेच.

आयएनआर अचानक उडी मारून वर गेला आणि औषध, आहार, प्रकृती यांत काहीच बदललेले नसेल, तर डॉक्टरांना लगेच कळवाच, पण निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली होती का, हेही लॅबला विचारा. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असे प्रमाण लागते. रक्त कमी पडले, तर उरलेले सायट्रेट तपासणीतले कॅल्शियमही बांधून टाकते आणि वेळ खोटा वाढतो.