निवृत्त मॅनेजरचा पहिला निरोप

"मी बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. आठवड्यातून दोन दिवस सल्लागाराचं काम करावंसं वाटतं. मुलगी म्हणते, जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. पण ते हात पसरल्यासारखं वाटतं. काय करू?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्यासारखेच एक मॅनेजर माझ्याकडे आले होते. त्यांनी आधी निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायोडेटा टाकला. शुभेच्छा भरपूर आल्या, काम एकही नाही. सगळ्यांना उद्देशून लिहिलेल्या निरोपाला उत्तर देणं कुणालाच आपलं काम वाटत नाही.

आम्ही वही उघडली आणि सल्ला कशाचा द्यायचा ते आधी ठरवलं. लहान उद्योगांचा खेळत्या भांडवलाचा अर्ज कुठे अडतो, हे त्यांना कागद चाळताच कळायचं. तेवढंच काम धरलं. मग २४ नावं लिहिली. त्यातली आजही कर्ज मंजूर करणाऱ्या खुर्चीत असलेली माणसं खोडली, कारण आपल्या ओळखीमुळे ती अडचणीत येतात. उरलेल्यांत बँक सोडून इतरत्र गेलेले, वर्षानुवर्षं न भेटलेले लोक आधी घेतले. नोकरी ओळखीतून मिळालेल्या लोकांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडला. त्यात बहुतेकांना खबर देणारी ओळख अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी निघाली. रोजच्या मित्रांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं.

आठवड्याला तीनच निरोप, प्रत्येक वेगळा. एक असा होता: "आपण एकत्र ऑडिटला बसायचो, आठवतं? मी निवृत्त झालो. लहान उद्योगांच्या कर्जप्रकरणांत मदत करायचा विचार आहे. तुमच्या क्षेत्रात नेमकी अडचण कुठे येते, हे वीस मिनिटं ऐकायला आवडेल. जमलं नाही तरी हरकत नाही." दोन आठवड्यांनी एक आठवण, मग विषय बंद.

पाचवं बोलणं एका जुन्या कनिष्ठ अधिकाऱ्याशी झालं. तो आता एका कारखान्याचे हिशेब बघतो. त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता. मॅनेजरांनी कागद पाहिले. अंदाजपत्रकात उधारी ४५ दिवसांत वसूल होईल असं लिहिलं होतं, खातेवही ९० दिवस सांगत होती. आकडे जुळत नसल्यामुळे बँकेचा बाकी कागदांवरचाही विश्वास उडाला होता. वसुलीचे खरे दिवस धरून अर्ज नव्याने मांडला. मालकांनी त्यांना महिन्यातून दोन दिवस बोलावलं आणि पुढचा उद्योगही त्यांनीच सुचवला.

तुम्ही निरोप पाठवण्याआधी निवृत्तीच्या अटी वाचा. काही बँकांत ठरावीक काळ बाहेरच्या कामाला परवानगी लागते. जुन्या ग्राहकांची माहिती तर कधीच वापरायची नाही. मानधन दिवसावर आणि लेखी ठरवा. मंजूर रकमेवर टक्केवारी घेतलीत, की मालकाला तुमच्याकडून सल्ला नको असतो, मंजुरी हवी असते. मग "हे कर्ज घेऊ नका" असं सांगणं तुम्हाला जड जाईल.

यादी झाली की पहिले तीन निरोप मला दाखवा. शब्द एकत्र बघू.